'स्टॉप'नंतर 'टू' चालतो का?

"'स्टॉप'नंतर कायम 'आयएनजी'च, 'टू' लावला की चूक, असं क्लासमध्ये शिकवलं. खरं का?"

नाही. दोन्ही बरोबर आहेत, अर्थ मात्र उलटा होतो. 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे त्याने चहा सोडला. 'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे हातातलं काम किंवा गाडी थांबवून तो चहा प्यायला थांबला. इथला 'टू' हेतू सांगतो, अगदी आपल्या 'प्यायला'सारखा.

पण ही मराठी खूण 'एन्जॉय'ला लावू नका, तिथे ती हमखास फसवते. 'मला पोहायला आवडतं' यातही 'ला' आहे, तरी इंग्रजीत 'आय एन्जॉय स्विमिंग'च. 'एन्जॉय टू स्विम' चूक. 'पोहायचंय' असेल तर 'वाँट टू स्विम'.