वजाबाकीने हाती येणारा व्याजदर आणि खरा व्याजदर

एखाद्या देशाचा किंमत निर्देशांक मागच्या वर्षी 184 होता आणि यंदा 193.2 झाला, असं समजू. महागाई किती झाली? अनेक जण झटकन 9.2 म्हणतात. निर्देशांक तेवढा वाढला हे बरोबर, पण ते झाले अंक, टक्के नव्हेत. ही वाढ मुळात 184 वर झालेली आहे, म्हणून 9.2 ला 184 ने भागायचं आणि 100 ने गुणायचं. उत्तर येतं 5 टक्के. भागाकार नेहमी आधीच्या आकड्याने करायचा. नव्या आकड्याने भागलं तर 4.76 येतं आणि महागाई आहे त्यापेक्षा कमी दिसते.

दुसरी गफलत 193.2 हा आकडा वाचताना होते. ठरावीक वस्तू आणि सेवांची एक टोपली घ्यायची, आधारवर्षी तिला जो खर्च आला त्याला 100 मानायचं आणि पुढचा प्रत्येक खर्च त्या मापात लिहायचा, एवढंच निर्देशांक करतो. म्हणजे आधारवर्षापासून आजवर मिळून टोपली 93.2 टक्क्यांनी महागली. ही एका वर्षाची महागाई नाही. आधारवर्ष बदललं की सगळे आकडे नव्या मापात जातात. जुन्या मालिकेतला एक आणि नव्या मालिकेतला दुसरा असे आकडे घेऊन हिशेब केला, तर उत्तर निरर्थक येतं. उत्तर भलतंच उणे किंवा अफाट मोठं आलं, तर आधी दोन्ही आकडे एकाच मालिकेतले आहेत का ते बघावं.

आता व्याजाकडे येऊ. कोणीतरी वर्षभरासाठी 8 टक्के दराने पैसे उसने दिले आहेत आणि येत्या वर्षातही महागाई 5 टक्केच राहील अशी त्याची अपेक्षा आहे. करारावर लिहिलेला 8 टक्के हा नाममात्र दर. त्यातून महागाई वजा केली की 3 टक्के उरतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण पैशांऐवजी टोपल्या मोजून बघू. आज एका टोपलीची किंमत 10 नाणी आहे आणि त्याने दिली 1000 नाणी, म्हणजे 100 टोपल्या. वर्षाने त्याच्याकडे 1080 नाणी परत येतात, पण तोवर टोपली 10.50 नाण्यांची झालेली असते. 1080 भागिले 10.50 म्हणजे 102.86 टोपल्या. त्याची क्रयशक्ती वाढली ती 3 नव्हे, 2.86 टक्क्यांनी. हाच खरा, म्हणजे वास्तविक दर.

हा फरक आला कुठून? महागाई फक्त मुद्दलाचं मोल कमी करत नाही, वर्षअखेरीला हातात पडणाऱ्या व्याजाचंही करते. साध्या वजाबाकीत हा दुसरा घाटा सुटून जातो. म्हणून नेमकी रीत भागाकाराची: 1.08 ला 1.05 ने भागायचं आणि उत्तरातून 1 वजा करायचा. नाममात्र आणि वास्तविक दराचं हे नातं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखलं जातं. महागाई कमी असताना वजाबाकी चालवून घ्यायला माझी हरकत नाही, तोंडी हिशेबाला ती सोयीची आहे. पण व्याज 50 टक्के आणि महागाई 40 टक्के असेल, तर वजाबाकी 10 दाखवते आणि 1.5 भागिले 1.4 केल्यावर येतात जेमतेम 7.14 टक्के. तिथे वजाबाकी वापरणं मला चूकच वाटतं.

मात्र भागाकार कितीही नेमका केला, तरी त्यातला 5 टक्के हा आकडा अंदाजच आहे. निर्देशांक मागच्या वर्षाची महागाई सांगतो, व्याज मात्र पुढच्या वर्षाचं असतं. म्हणून 2.86 टक्के हा करार करतानाचा अपेक्षित वास्तविक दर झाला. समजा वर्ष सरलं आणि निर्देशांक 206.7 वर पोहोचला. 13.5 ला 193.2 ने भागलं की महागाई जवळजवळ 7 टक्के निघते. करारातले 8 टक्के जसेच्या तसे, पण 1.08 भागिले 1.07 केल्यावर प्रत्यक्ष वास्तविक दर उरतो 0.93 टक्के. धनकोला 102.86 टोपल्यांची आशा होती, मिळाल्या सुमारे 100.93. कमी पडलेल्या जवळपास दोन टोपल्या ऋणकोकडे राहिल्या, कारण त्याने स्वस्त झालेल्या नाण्यांनी कर्ज फेडलं. महागाई 8 टक्क्यांच्या वर गेली असती, तर धनकोला दिल्या त्याहून कमी टोपल्या परत मिळाल्या असत्या, म्हणजेच वास्तविक दर उणे झाला असता.

पुढचा करार करताना तोच धनको 7 टक्के महागाई गृहीत धरेल. त्याला आधीसारखेच 2.86 टक्के खरोखर मिळवायचे असतील, तर 1.0286 ला 1.07 ने गुणून तो 10.06 टक्के मागेल.