घरगुती कॅमेऱ्यांची दूरस्थ पाहणी

घरातील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्र बाहेरून मोबाइलवर पाहताना कॅमेरा किंवा त्याचे रेकॉर्डर यंत्र (डीव्हीआर, एनव्हीआर) इंटरनेटवर उघडे न ठेवण्याची पद्धत. यात पाहणारा मोबाइलच एका कूटबद्ध वाटेने, म्हणजे व्हीपीएनने, घराच्या नेटवर्कमध्ये येतो आणि कॅमेरे घराबाहेरच्या कोणालाही दिसत नाहीत.

जुनी रीत पोर्ट फॉरवर्डिंगची. राउटरमध्ये एक पोर्ट उघडून तो रेकॉर्डरकडे वळवला की बाहेरून चित्र दिसते. पण त्याच दारावर जगभरातील स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस टकटक करत असतात. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठे हल्ले चढवले. पासवर्ड बदलणे आवश्यकच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येच पासवर्ड न विचारता आत घेणारी चूक निघाली, तर उघड्या पोर्टवर पासवर्डचा उपयोग उरत नाही.

मुंबईत बऱ्याच घरांत पोर्ट उघडूनही चित्र येत नाही. इंटरनेटवाला अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर WAN IP पाहावा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोहोचणारच नाही. अशा वेळी पैसे भरून स्थिर पत्ता घेण्याची गरज नसते. घरातील एखाद्या छोट्या संगणकाने स्वतः बाहेर जोडणी केली की काम होते. वायरगार्डवर उभे असलेले टेलस्केल हेच करते.

परळच्या एका सदनिकेचे उदाहरण घेऊ. दारावर, हॉलमध्ये आणि गॅलरीत मिळून तीन कॅमेरे आहेत, आई दिवसभर घरी एकटी असते आणि मुलगी वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जाते. पहिले काम म्हणजे घरच्या राउटरचा पत्ता-पट्टा बदलणे. बऱ्याच राउटरवर तो 192.168.1 असा असतो. मुलगी ठाण्याला मावशीकडे गेली आणि तिथल्या वायफायचा पट्टाही तोच निघाला, तर मोबाइल परळचा रेकॉर्डर मावशीच्याच घरात शोधत बसतो. मोबाइल डेटावर चित्र येते आणि एखाद्याच घरच्या वायफायवर येत नाही, तेव्हा कारण बहुधा हेच असते. म्हणून 192.168.47 असा सहसा न आढळणारा पट्टा घ्यावा. रेकॉर्डरचा पत्ता हाताने घातलेला असेल, तर तोही बदलावा लागतो.

मग रास्पबेरी पायसारख्या, कायम चालू राहणाऱ्या संगणकावर टेलस्केल बसवून हे आदेश द्यावेत :

```
echo 'net.ipv4.ip_forward = 1' | sudo tee -a /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo sysctl -p /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo tailscale up --advertise-routes=192.168.47.0/24
```

जाहीर केलेल्या मार्गाला टेलस्केलच्या प्रशासन पानावर मंजुरी द्यावी लागते. ती राहून गेली, तर जोडणी झालेली दिसते पण कॅमेरा सापडत नाही. त्याच पानावर या संगणकाची 'key expiry' बंद करावी. मुळात ती १८० दिवसांची असते, म्हणजे सगळे सुरळीत चालू असताना सहा महिन्यांनी अचानक चित्र बंद होते.

मुलीच्या मोबाइलवर त्याच खात्याने टेलस्केल चालू करायचे आणि कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये रेकॉर्डर त्याच्या घरातल्या पत्त्यावरून जोडायचा. सीसीटीव्हीवाला यंत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन करून देतो, तो मार्ग कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. म्हणून रेकॉर्डरमधील 'P2P' किंवा क्लाउडची सोय आणि राउटरमधील 'UPnP' दोन्ही बंद करावे. 'UPnP' चालू राहिले तर रेकॉर्डर कोणाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो.

चित्र अडखळत असेल तर `tailscale status` मध्ये त्या मोबाइलपुढे 'direct' आहे की 'relay' ते पाहावे. 'relay' असेल तर माहिती मधल्या सर्व्हरवरून फिरून येते. ती कूटबद्धच राहते, पण वेग घटतो. अशा वेळी अॅपमध्ये मुख्य प्रवाहाऐवजी कमी स्पष्टतेचा उपप्रवाह निवडावा. आई हॉलमध्ये बसली आहे ना, एवढे त्यात नीट कळते.

वीज गेली की पाहणीही थांबते. त्यासाठी राउटर, फायबरचा डबा, छोटा संगणक, रेकॉर्डर आणि कॅमेरे अशा सगळ्यांना यूपीएस लागतो. एकटा राउटर चालू राहून उपयोग नाही.

मांडणी बरोबर झाली की नाही याची खरी परीक्षा घराबाहेर, मोबाइल डेटावर करावी. टेलस्केल चालू असताना चित्र दिसले पाहिजे. मग टेलस्केल बंद करून अॅप पुन्हा उघडावे. आता चित्र येता कामा नये. तरीही आले, तर क्लाउडची सोय किंवा एखादे पोर्ट अजून उघडे आहे.