मांजरीच्या पिल्लासाठी घर सुरक्षित करणे

मांजरीचे पिल्लू घरात आणण्याआधी वायरी झाकणे, बारीकसारीक वस्तू उचलणे, धुलाईयंत्रात शिरायची वाट बंद करणे आणि खिडक्या-गॅलऱ्यांना जाळी लावणे, या तयारीला घर सुरक्षित करणे म्हणतात. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे असताना घरी येते. तेव्हा त्याचे वजन किलोच्याही आत असते. त्याला उडी मारता येते, पण अंतराचा अंदाज अजून पक्का झालेला नसतो. मांजराचे गळपट्टीचे हाड बाकीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते, त्यामुळे डोके शिरेल त्या फटीतून सहसा अंगही जाते. म्हणून पाहणी जमिनीवर बसून करावी. उभ्याने पाहिले तर फ्रिजमागची फट आणि सोफ्याखाली पडलेले रबरबँड दिसतच नाहीत.

या तयारीत सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते दोऱ्याकडे. मराठी घरात दोरा सगळीकडे असतो: शिवणाच्या डब्यात सुईत ओवलेला, सुकलेल्या गजऱ्यात, देव्हाऱ्याजवळच्या वातींत, राखीच्या गोंड्यात, संक्रांतीनंतर गॅलरीत अडकून राहिलेल्या मांज्यात. पिल्लाला हलणारी शेपटीसारखी वस्तू दिसली की ते ती तोंडात धरणारच. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, कडक काटे असतात. मांजर हात चाटते तेव्हा खरखर लागते ती त्यांचीच. तोंडात गेलेला दोरा या काट्यांमुळे बाहेर ढकलता येत नाही, तो मागेच सरकत जातो.

पुढे जे होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दोऱ्याचे एक टोक बऱ्याचदा जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे नेहमीच्या हालचालीने तो पुढे सारू पाहते, पण टोक सुटत नाही. मग परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याचे कापड जसे चुण्या पडून गोळा होते, तसे आतडेच दोऱ्यावर गोळा होते. ताणलेला दोरा आतड्याच्या भिंतीत रुतून तिला कापू शकतो आणि मग पोटात जंतुसंसर्ग पसरतो. पुन्हा पुन्हा उलट्या, खाणे बंद होणे, लाळ गळणे, कोपऱ्यात दबून बसणे ही त्याची लक्षणे होत. साधा दोरा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून पशुवैद्य आधी जीभ उचलून खाली पाहतात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये. आत चुण्या पडलेल्या असतील तर ओढल्याने आतडे कापले जाते. दोरा तसाच राहू देऊन पिल्लाला दवाखान्यात न्यावे. सुईदोरा झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि गजरा काढल्यावर थेट झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे, एवढ्याने यातला मोठा धोका टळतो. केसांची रबरे आणि घड्याळाचे चपटे सेलही त्याच नियमात येतात. सेल गिळला गेला तर तो अन्ननलिका भाजतो.

वायरी चावण्याचा काळ मुख्यतः साडेतीन ते सहा महिन्यांचा, दुधाचे दात पडून पक्के दात येत असतानाचा. भारतात घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्यामुळे मिक्सर, फ्रिज, टीव्ही आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरी आधी झाकाव्यात. मोबाइल चार्जरच्या बारीक वायरीत दाब फार कमी असतो. भिंतीवरच्या वायरीसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात ती केसिंग-कॅपिंगची पट्टी उत्तम. मोकळ्या वायरीवर जाड प्लास्टिकचा लवचीक पाइप उभा चिरून चढवता येतो. कडू चवीच्या फवाऱ्यांवर विसंबू नये. काही पिल्लांना त्यांचे काहीच वाटत नाही. घरात विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी स्विच असला तरी पुरते संरक्षण मिळते असे नाही. तो जमिनीकडे जाणारी गळती ओळखतो. पिल्लाच्या दातांत दोन्ही तारा एकदम आल्या आणि वीज तोंडातूनच एका तारेतून दुसरीत गेली, तर हा स्विच वीज तोडेलच याची खात्री नाही.

वायर चावलेले पिल्लू दिसले तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच पिल्लाला हात लावावा. ओठ-जीभ भाजलेली दिसते, पण खरा धोका नंतरचा आहे. धक्क्यामुळे काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणून पिल्लू खेळू लागले तरी ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचा दीड-दोन दिवस त्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे.

धुलाईयंत्राचा प्रश्न आपल्याच एका चांगल्या सवयीतून येतो. पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या रबराला बुरशी धरू नये म्हणून धुणे झाल्यावर दार उघडे ठेवतात. आतली पिंपासारखी जागा अंधारी आणि नुकतीच गरम झालेली असते. त्यात चार कपडे राहिले असतील तर पिल्लू तिथेच झोपते. यंत्र सुरू झाले की दाराला कुलूप बसते आणि आत पाणी असेतो ते सहसा उघडत नाही. दाराला आकडी लावून बोटभरच फट ठेवली तर हवा खेळते आणि पिल्लू शिरत नाही. तरीही कपडे टाकण्याआधी आत हात फिरवावा आणि पिल्लू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. तळ उघडा असलेल्या यंत्रांना उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी मिळते, ती पिल्लासाठीही लावावी.

उंचीबाबत एक गैरसमज फार रुजला आहे: मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवरच पडते. हवेत अंग फिरवण्याची ही क्षमता पिल्लात सहा-सात आठवड्यांपर्यंत पुरी येते हे खरे. पण पायांवर पडूनही छाती आपटते, जबडा किंवा टाळू फाटते, पाय मोडतात. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातील पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात येतच नाहीत, हे त्यासोबत सांगायला हवे.

मुंबई-पुण्यातील नेहमीचे उदाहरण घ्या. तिसरा मजला, सरकती खिडकी, बाहेर काढलेले ग्रिल, त्यावर तुळशीची कुंडी. गजांमधले अंतर चार इंच, म्हणजे पिल्लासाठी ते उघडे दारच. कठड्यावर कबुतर बसले की पिल्लू कुंडीवर चढून झेप घेते. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉन जाळीची भोके बहुधा दोन इंचांची असतात, आणि तिचा धागा पिल्लू चावू शकते. इथे एक इंच किंवा त्याहून लहान चौकटीची वेल्डिंगची लोखंडी जाळी ग्रिलला आतून चारही बाजूंनी स्क्रूने पट्ट्या मारून बसवावी. केवळ वर बांधलेली जाळी खालून उचलली जाते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तळव्याने जोरात दाबून पाहावे. फट पडली तर तिथे आणखी एक पट्टी हवी. कुंड्याही ग्रिलच्या कडेपासून दूर घ्याव्यात.

पिल्लू वर्षाचे झाले की वायरी चावणे बहुतेकांत थांबते आणि वायरींवरच्या पट्ट्या काढता येतात. खिडकीची जाळी आणि दोऱ्याचा झाकणाचा डबा मात्र मांजर घरात आहे तोवर ठेवावा लागतो.