‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा खरा खर्च

“क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय घेतला, तर वस्तूच्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त जात नाही ना?”

जातो. बँक व्याज आकारतेच. तेवढी सूट विक्रेता आधी देतो, इतकेच. ६०,००० रुपयांचा फोन वार्षिक १५ टक्के दराने बारा हप्त्यांत घेतल्यास सुमारे ४,६०० रुपयांची सूट मिळून कर्ज ५५,४०० रुपयांचे होते आणि हप्ता ५,००० रुपये बसतो. मात्र व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, ग्राहकाच्याच माथी येतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल, तर करासह आणखी २३५. जाहिरातीत न दिसणारी ही रक्कम स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळींत सापडते. एकरकमी पैसे भरणाऱ्याला दुकानदार जी सवलत देतो, ती हुकली असल्यास तीही खर्चातच धरावी.