घासाघीस करून वाचलेले पैसे आणि संतोषाधिक्य

हापूसवाला डझनाचे १२०० सांगतो, तुम्ही घासाघीस करता, ७०० वर ठरतं. दोन डझन घेतले तर घरी सांगायचं, "हजार रुपये वाचवले!" बरेच जण यालाच उपभोक्त्याचं संतोषाधिक्य समजतात, कारण दोन्हींत कुठलीतरी रक्कम उणे दिलेली किंमत असा हिशेब असतो. फरक आहे तो त्या पहिल्या रकमेत. सूट विक्रेत्याने सांगितलेल्या भावापासून मोजतात, संतोषाधिक्य मात्र तुमची जास्तीत जास्त किती द्यायची तयारी होती तिथून.

समजा, पहिल्या डझनासाठी तुम्ही ९०० पर्यंत गेला असता. घरात एक डझन आल्यावर दुसऱ्याची ओढ कमी, म्हणून ७५०. तिसऱ्याला फार तर ५००. भाव ७०० असल्याने तुम्ही दोनच घेतलेत. पहिल्यावर २०० आणि दुसऱ्यावर ५० मिळून संतोषाधिक्य झालं २५०. आता विक्रेत्याने सुरुवातच २००० पासून केली असती आणि ७०० वरच उतरला असता, तर सूट २६०० दिसली असती. थेट ७०० सांगितले असते, तर सूट शून्य. संतोषाधिक्य तिन्ही वेळा २५०च. उलट भाव ८०० वर अडला तर एकच डझन येईल आणि संतोषाधिक्य १०० वर घसरेल, मग सुरुवातीला त्याने काहीही सांगितलेलं असो. दुकानांतल्या '७०% सूट'च्या पाट्यांकडे मी याच हिशेबाने बघतो.

अडचण एकच: ही तयारी कुठे छापलेली नसते. विचारावं तर माणूस, विशेषतः विक्रेत्यासमोर, खरा आकडा सांगत नाही. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी उबरच्या नोंदींतून यावर वाट काढली. गर्दीच्या वेळी उबर भाड्याला एका गुणकाने गुणायचं. आतला हिशेब बारीक असे, पण ग्राहकाला गुणक एका दशांशापर्यंतच दिसे. त्यामुळे १.२४९ असेल तर पडद्यावर १.२, आणि १.२५१ असेल तर १.३. गर्दी जवळपास सारखीच, भाडं मात्र वेगळं. अशा वेळी किती जण मागे फिरतात, यावरून मागणीचा वक्र, म्हणजे कुठल्या भाड्याला किती जण तयार असतात याचा आलेख, काढता आला. २०१६ साली आलेल्या या अभ्यासाचा अंदाज असा, की उबरएक्स या उबरच्या साध्या सेवेवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे ग्राहकांना साधारण १.६० डॉलरचं संतोषाधिक्य मिळत होतं. त्या प्रवाशांना कोणी सूट दिली नव्हती, उलट बरेच जण चढं भाडं देत होते.

एक मर्यादा मात्र आहे. तयारी खिशावरही ठरते. ज्याला पहिल्या डझनाला ५०० च परवडतात, तो ७०० च्या भावाला आंबे घेतच नाही आणि त्याचं संतोषाधिक्य शून्य मोजलं जातं. त्याला आंबा कमी आवडतो, असं त्यातून ठरत नाही.