लिव्हरला चालणारी गोळी फुफ्फुसाला आधी का देत नाहीत? हायडॅटिडची पार्श्वभूमी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, इकडं माण-खटाव, म्हणजे जिथं मेंढरं आहेत तिथून हायडॅटिडचे, म्हणजे कृमीमुळं अंगात पाण्याच्या गाठी झालेले पेशंट मिरज-सांगलीला येत राहतात. बऱ्याचदा सुरुवात अशी होते की पोटात उजव्या बाजूला जड वाटतंय म्हणून सोनोग्राफी होते, रिपोर्टवर लिव्हर हायडॅटिड असं येतं आणि लगेच अल्बेंडाझोल ही जंताची गोळी सुरू होते. छातीचा एक्सरे कुणी काढलेलाच नसतो. आणि नेमकं तिथंच घोटाळा होतो, कारण हीच गोळी लिव्हरच्या गाठीला ऑपरेशनआधी मुद्दाम देतात आणि फुफ्फुसातल्या मोठ्या, न फुटलेल्या गाठीला ऑपरेशनआधी शक्यतो देत नाहीत. असं का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

हा आजार एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या अगदी छोट्या पट्टकृमीचा. मोठा झालेला कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी काही मिलिमीटरच. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती चरताना मेंढीच्या पोटात जातात, मेंढीच्या लिव्हरमध्ये आणि फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात, मेंढी कापली की तो खराब भाग कुत्र्यापुढं टाकला जातो आणि चक्र पूर्ण होतं. माणूस यात चुकून सापडतो, कुत्र्याच्या अंगावरून हाताला लागलेली अंडी किंवा न धुतलेली भाजी यातून. मटण खाल्ल्यानं हा आजार होत नाही, हे परत परत सांगावं लागतं. अंड्यातून निघालेला भ्रूण आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि पहिला अडकतो तो लिव्हरमध्ये, साधारण 70 टक्के गाठी तिथंच. तिथून जे सुटतात त्यातले बरेच फुफ्फुसात अडकतात, साधारण 20 टक्के. म्हणून एका जागी गाठ सापडली की दुसरी जागा बघायचीच, यात पर्याय नाही.

लिव्हर पाण्यानं भरल्याचं वर्णन हिप्पोक्रेटिसच्या काळापासून आहे, पण हे पाणी कृमीचं आहे हे सिद्ध व्हायला 1850 चं दशक उजाडलं, जेव्हा जर्मनीत फॉन सीबोल्डनी मेंढीच्या गाठी कुत्र्यांना खायला घातल्या आणि नंतर त्या कुत्र्यांच्या आतड्यात कृमी दाखवून दिले. त्यानंतर 1863 मध्ये हाराल्ड क्रॅबे हा डॅनिश संशोधक आइसलँडला गेला, तिथं माणसं, मेंढ्या आणि कुत्री यांचं नातं आपल्या धनगरवाड्यासारखंच जवळचं होतं आणि आजारही भरपूर होता. कुत्र्याला कच्चे अवयव टाकू नका, गाठी पुरा किंवा जाळा, हे तिथं लोकांना छापून वाटलं गेलं, पुढं कायदे झाले आणि आज तिथं माणसातला हा आजार जवळपास संपलाय. औषधं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

सर्जरीच्या बाजूनं मात्र भीती वाढत गेली. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या फेलिक्स देवे यांनी दाखवलं की गाठीतल्या पाण्यात जे बारीक कण असतात, ते प्रत्येक म्हणजे कृमीचं एक डोकंच, आणि गाठ फुटून ते पोटात किंवा छातीत सांडले तर त्यातून नव्या गाठी उगवतात. शिवाय पाणी एकदम रक्तात शिरलं तर अ‍ॅलर्जीचा जबरदस्त झटका, कधीकधी जीवघेणा. तेव्हापासून एकच मंत्र झाला, गाठ फुटू द्यायची नाही. फुफ्फुसासाठी 1940 च्या दशकात नॉर्मन बॅरेट यांनी (अन्ननलिकेचा बॅरेट म्हणतात ते हेच) पद्धत मांडली की गाठीभोवतीचं फुफ्फुसाचं आवरण हळू चिरायचं, भूल देणाऱ्यानं फुफ्फुसात हवा भरायची आणि त्या दाबानं आख्खी गाठ न फुटता बाहेर काढायची.

आता गाठीची रचना बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आतला पातळ थर कृमीचा, जिथं नवीन डोकी तयार होतात. त्याबाहेर पांढरट, जिलेटिनसारखा पापुद्र्याचा थर, तोही कृमीचाच. आणि सगळ्यात बाहेर आपल्या शरीरानं बांधलेली भिंत, पेरिसिस्ट. लिव्हरचं मांस घट्ट असतं म्हणून तिथली भिंत जाड, चिवट होते, वर्षानुवर्षं असेल तर कॅल्शियमही जमतं. फुफ्फुस मऊ आणि हवेनं भरलेलं, श्वासागणिक ताणणारं, तिथं भिंत पातळच राहते, गाठ लवकर वाढते आणि शेजारी श्वासनळ्या असतात ज्या त्या भिंतीतच उघडतात.

अशा वेळी अल्बेंडाझोल आलं. 1970 च्या दशकात ते जनावरांच्या जंतासाठी बनवलं गेलं, माणसात आधी मेबेंडाझोल वापरून बघितलं पण ते आतड्यातून नीट शोषलंच जात नव्हतं, मग 1980 च्या दशकात अल्बेंडाझोलनं जागा घेतली. हे कृमीच्या पेशीतली ट्यूब्युलिनची जाळी मोडतं, कृमीला ग्लुकोज घेता येत नाही, आतला थर मरायला लागतो, गाठीतला ताण कमी होतो आणि पापुद्रा भिंतीपासून सुटतो. लिव्हरमध्ये हे फायद्याचं, कारण सुटलेला पापुद्रा जाड भिंतीच्या आतच पडून राहतो आणि ऑपरेशनमध्ये थोडं सांडलं तरी कणात जीव नसतो. फुफ्फुसात मात्र पापुद्रा कमजोर झाला की आधार द्यायला जाड भिंतच नाही, खोकल्याच्या एका उबळीत तो फाटतो आणि सगळं श्वासनळीत. तेच औषध, तोच परिणाम, फक्त जागा वेगळी.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पस्तिशीची बाई, सासरी मेंढरं, उजव्या कुशीत जडपणा. गावाकडच्या सोनोग्राफीत लिव्हरच्या वरच्या टोकाला, डायफ्रामला म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागून साधारण सात सेंटिमीटरची गाठ, आत छोट्या छोट्या पिलावळ गाठी. हे चित्र इतकं ठराविक असतं की दुसरं काही वाटत नाही. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं. कोरडा खोकला होता, पण त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री जोराची उबळ आली, तोंडभरून खारट पाणी पडलं, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. तिच्या बोलण्यात "द्राक्षाची सालं निघाल्यागत" काहीतरी पांढरं थुंकीतून आलं, आणि तासगावच्या पट्ट्यात कुणालाही त्यावरून पापुद्रा डोळ्यासमोर येईल. खारट पाणी आणि साली, ही दोन लक्षणं कुणी सांगितली तर टीबी म्हणून थुंकी तपासायला पाठवायच्या आधी छातीचा फोटो काढा.

अ‍ॅड्रेनॅलिन वेळेवर मिळाल्यानं ती सावरली. सीटीमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात आठेक सेंटिमीटरची पोकळी, खाली पाणी वर हवा, आणि पाण्यावर वेडावाकडा तरंगणारा पापुद्रा, ज्याला वॉटर लिली साइन म्हणतात. फुटायच्या आधी एक्सरे काढला असता तर नुसती गोल, कडा गुळगुळीत असलेली, आत एकसारखी पांढरी गाठ दिसली असती. मधली एक पायरीही असते, भिंत आणि पापुद्रा यांच्यात हवेची चंद्रकोर दिसते, म्हणजे श्वासनळी उघडायला लागलीय आणि फुटायला वेळ नाही. ती दिसली तर पेशंटला पुढची तारीख देऊन घरी पाठवायचं नाही. फुफ्फुसात पिलावळ गाठी आणि कॅल्शियम क्वचितच दिसतात, त्यामुळं लिव्हरसारखं चित्र शोधत बसलं तर ती निसटते. रक्तातली अँटिबॉडी टेस्टही फुफ्फुसाच्या गाठीत, विशेषतः न फुटलेल्या, बऱ्याचदा निगेटिव्ह येते, तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त व्हायचं नाही.

लिव्हरची सोनोग्राफी वाचायला 1981 पासून ट्युनिशियाच्या घार्बी यांचं वर्गीकरण होतं, पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या गटानं ते सुधारून सीई-1 ते सीई-5 केलं. एकच साधी गाठ असेल तर सुईनं पाणी काढून औषध सोडून परत ओढायची पेअर पद्धत चालते, छोटी असेल तर नुसत्या गोळीवरही बघता येतं. पण या बाईसारखी पिलावळीनं भरलेली सीई-2 असेल तर गोळी एकटी कमी पडते, सर्जरी लागते. फुफ्फुसात सुई घालायचीच नाही.

एकदा फुटल्यावर हिशोब उलटा होतो. आता वाचवायला आख्खी गाठ नाहीच, कण सांडलेत, म्हणून अल्बेंडाझोल थांबवायचं नाही. इन्फेक्शन अँटिबायोटिकनं आटोक्यात आणलं आणि मग उजवी छाती उघडली. दोन्ही फुफ्फुसांना वेगळी हवा देणारी नळी टाकलेली, कारण उरलेला माल दुसऱ्या फुफ्फुसात जाता कामा नये. पापुद्रा काढला, पोकळीत सलाइन भरून हवा दिली, जिथून बुडबुडे आले ती श्वासनळीची तोंडं एकेक करून शिवली, कारण एक जरी राहिलं तरी नंतर हवा गळत राहते. लिव्हरची गाठ डायफ्रामला लागूनच होती, म्हणून डायफ्राम उघडून त्याच चिऱ्यातून तीही काढली. आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप, आधी आतलं पाणी ओढून बघितलं की पिवळं आहे का, कारण पित्तनळी उघडी असेल तर कृमी मारायचं औषध आत सोडलं की ते नळ्या जाळतं आणि आयुष्यभराचा त्रास होतो. पाणी स्वच्छ होतं म्हणून मग 20 टक्के सलाइन दहा-पंधरा मिनिटं ठेवलं.

एक्सरे आधी निघाला असता तर मी गोळी सुरू न करता फुफ्फुसाची गाठ आख्खी असतानाच ऑपरेशन केलं असतं आणि गोळी नंतर दिली असती. फुफ्फुसाची गाठ डावीकडं असती तर दोन ऑपरेशनं, आधी छाती, मग अल्बेंडाझोल, मग काही आठवड्यांनी लिव्हर. उलट क्रमात लिव्हर आधी घेतलं तर भूल देताना दाबानं भरलेली हवा छातीतली गाठ फोडू शकते. पाच सेंटिमीटरच्या आतल्या फुफ्फुसाच्या गाठी काही जण नुसत्या गोळीवर ठेवतात, काही सर्जन ऑपरेशनआधी थोडे दिवस गोळी देतातही, पण मोठ्या गाठीत मला ते पटत नाही.

नंतरची गोळी तीन ते सहा महिने, वजनानुसार दिवसाला किलोमागं 10 ते 15 मिलिग्रॅम. पूर्वी 28 दिवस देऊन 14 दिवस बंद असं करायचे, आता सलग देतात. उपाशीपोटी घेतली तर फारशी अंगी लागत नाही, तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतली तर रक्तात पाचपटीपर्यंत जास्त मिळते, तेव्हा भाकरीबरोबर तूप किंवा शेंगदाण्याची चटणी-तेल असू दे. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी आणि लिव्हरची तपासणी, नंतर महिन्याला, आणि या काळात गर्भ राहू द्यायचा नाही, हे नवरा-बायको दोघांना बसवून सांगायचं. पुढं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे. जुन्या जागी पोकळी किंवा डाग दिसतोच, तो घट्ट होत छोटा होत असेल तर ठीक, त्यात नवीन पाणी किंवा पिलावळ दिसली तर परत उगवलीय. अँटिबॉडी टेस्ट बरं झाल्यावरही कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहते, त्या एका कागदावरून गोळी परत सुरू करू नका.