विसर्ग ‘वाढला’ की ‘वाढवला’? हेडलाईनमधला गाळलेला कर्ता आणि नसलेला कर्ता

पावसाळ्यात सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही पेपरचं पहिलं पान घ्या, त्यात कोयना धरणाच्या विसर्गाची, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याची, बातमी असतेच. आता समजा तीन हेडलाईन आहेत (तिन्ही मी नमुन्यासाठी लिहिल्यात, कुठल्या पेपरच्या नाहीत):

कोयनेतून विसर्ग वाढवला
कोयनेतून विसर्ग वाढला
कोयनेच्या विसर्गात वाढ

वाचणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. क्रिटिकल डिस्कोर्स अॅनालिसिस, म्हणजे सत्ता आणि जबाबदारी भाषेतून कशी मांडलीय ते तपासायचं काम, करणारी पोरंपण बऱ्याचदा तिन्हीच्या पुढं एकच शेरा मारून मोकळी होतात की “कर्ता गायब केलाय”. पण पहिल्या दोन ओळींत जो फरक आहे तोच या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे, तो सुटला तर पुढचं सगळं अॅनालिसिस चुकतं. पहिल्या ओळीत कर्ता गाळलाय. दुसरीत कर्त्याला मुळात जागाच नाही. कर्ता दोन्हीकडं दिसत नाही म्हणून हे एकच समजलं जातं, पण एखाद्या गोष्टीची जागा रिकामी ठेवणं वेगळं आणि ती जागाच न ठेवणं वेगळं.

हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाच्या व्याकरणात ट्रान्झिटिव्हिटी म्हणजे नुसतं सकर्मक-अकर्मक नव्हे, तर वाक्यात कुठल्या प्रकारची क्रिया घडतीय, ती कोण करतंय आणि कोणावर होतीय याची पूर्ण मांडणी. ‘वाढवणे’ या क्रियेला दोन जण लागतात, वाढवणारा आणि जे वाढवलं ते. ‘वाढणे’ला एकच पुरतो, जे वाढलं ते. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत, पाडले-पडले, तोडले-तुटले, फोडले-फुटले, मारले-मेले. त्यामुळं बातमी लिहिणाऱ्याच्या हातात प्रत्येक वेळी निवड असते, आणि ती निवड कधीकधी एका ‘व’ इतकीच असते.

ओळखायचं कसं? तीन परीक्षा घेऊन बघा. आधी ‘आपोआप’ घाला. “विसर्ग आपोआप वाढला” चालतं, “विसर्ग आपोआप वाढवला” म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं. मग ‘मुद्दाम’ घाला, आता उलटं होतं, “मुद्दाम वाढवला” बसतं आणि “मुद्दाम वाढला” बसत नाही. तिसरी परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते, हेतू जोडून बघायची: “धरणातली पातळी राखण्यासाठी विसर्ग वाढवला” हे वाक्य ठीक आहे, पण “पातळी राखण्यासाठी विसर्ग वाढला” म्हटलं की प्रश्न पडतो, राखायचं ठरवलं कुणी? हेतू असायला कुणीतरी माणूस लागतो, आणि ‘वाढवला’मध्ये तो माणूस न दिसता पण बसलेला असतो म्हणून हेतू त्याला चिकटतो. म्हणजे गाळलेला कर्ता वाक्यातून पुसला जात नाही, तो नुसता बोलला जात नाही. “कोणी?” असा प्रश्न तुम्ही ‘वाढवला’ला विचारू शकता. ‘वाढला’ला विचारायचा असेल तर आधी क्रियापद बदलावं लागतं.

इथंच इंग्रजीतली पद्धत जशीच्या तशी उचलून मराठीवर लावणाऱ्यांचा घोळ होतो. इंग्रजीत कर्ता गाळायचा तर बहुतेक वेळा वाक्य पॅसिव्ह करावं लागतं, म्हणून तिकडं पॅसिव्ह शोधला की अर्धं काम झालं. आपल्याकडं “व्यवस्थापनाने विसर्ग वाढवला” यातलं “व्यवस्थापनाने” नुसतं खोडलं तरी काम भागतं, क्रियापदाला हात लावावा लागत नाही कारण ते तसंही ‘विसर्ग’प्रमाणेच चालतं. वर शाळेत आपण याच रचनेला कर्मणी प्रयोग म्हणायला शिकलोय, त्यामुळं काहीजण “व्यवस्थापनाने विसर्ग वाढवला” या वाक्यालाही पॅसिव्ह म्हणून टिक करतात, जिथं कर्ता चांगला ‘ने’ लावून पुढंच उभा आहे. ज्याला खरंच पॅसिव्हसारखं वागवावं अशी आपली रचना म्हणजे “विसर्ग वाढविण्यात आला आहे”. ही रचना सरकारी प्रेसनोटमध्ये ठरलेली असते आणि बऱ्याचदा तिथूनच ती पेपरात येते, म्हणजे कर्ता गाळण्याचं काम उपसंपादकानं केलंय असं गृहीत धरू नका, ते आधी ऑफिसातच झालेलं असू शकतं.

काही क्रियापदं तर दोन्हीकडं चालतात. “कोयनेचे दरवाजे उघडले” यात दरवाजे उघडले गेले की स्वतः उघडले, हे नुसत्या वाक्यावरून सांगताच येत नाही. अशा वेळी प्रत्यक्षात काय घडतं ते माहीत पाहिजे. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत आणि ते किती फूट उचलायचे हे माणसं ठरवतात, म्हणून “दरवाजे दीड फुटांनी उचलले” लिहिलं की शंका उरत नाही, ‘उचलले’ला उचलणारा लागतोच. पण शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात. तिथं “दरवाजे उघडले” लिहिणाऱ्यानं काहीही लपवलेलं नाही, जे झालं तेच लिहिलंय. म्हणून अकर्मक क्रियापद दिसलं की लगेच “बघा, जबाबदारी झटकली” असं म्हणणं चूक आहे. “धरणात आवक वाढली” हे पण अकर्मकच आहे आणि ते बरोबरच आहे, पाणलोटात पाऊस पडला, आवक वाढली, त्यात कुणाचा निर्णय नाही. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा “आवक वाढली, विसर्ग वाढला” अशी दोन वाक्यं एकाच साच्यात शेजारी बसवली जातात. पहिली गोष्ट पावसाची आणि दुसरी निर्णयाची, पण वाचताना दोन्ही पावसाच्याच वाटतात.

आता तिसरी ओळ, “कोयनेच्या विसर्गात वाढ”. हे नॉमिनलायझेशन, क्रियापदाचं नाम करणं. बरेच जण यालाही कर्ता गाळण्याचाच एक प्रकार धरतात, पण यात नुकसान जास्त खोल आहे. ‘वाढ’ हे नाम ‘वाढणे’चं पण आहे आणि ‘वाढवणे’चं काम पण तेच करतं, म्हणजे वरचा जो ‘व’चा फरक आपण एवढा तपासला तो इथं विरघळूनच जातो. शिवाय काळ पण गेला. वाढ झाली, होतीय की रात्री होणारे? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटाफुटानं बघत बसलेल्या माणसाला, ४० फुटांची इशारा पातळी आली की सामान वर चढवायचं का आणि ४५ च्या धोका पातळीच्या आधी घर सोडायचं का हे ठरवायचंय, त्याच्यासाठी ‘झाली’ आणि ‘होणार’ हा फरक व्याकरणाचा राहत नाही.

आणि नाम झालं की ते स्वतःच कर्ता व्हायला मोकळं होतं. “विसर्गवाढीने नदीकाठची झोप उडवली”, “महापुराने घरे पाडली”, “कृष्णेने धोका पातळी ओलांडली”. या वाक्यांत ट्रान्झिटिव्हिटी अगदी जोरात आहे, ‘ने’ लागलाय, काहीतरी करणारा आहे, फक्त तो माणूस नाही. कर्ता नसणं, कर्ता गाळणं यापेक्षा ही तिसरी गोष्ट, रिकाम्या जागी दुसरंच कुणी बसवणं, आणि “कर्ता आहे का” एवढंच बघणाऱ्याच्या हातातून हीच पहिली निसटते, कारण कर्ता तर आहे.

मग एखादी हेडलाईन अशी नुसती सुटी घेऊन तिच्यावरून निकाल द्यायचा का? नाही. व्हान लीवन या भाषा-अभ्यासकानं इथं एक उपयोगी फरक केलाय: माणूस अख्ख्या मजकुरात कुठंच नाही तर ते दाबणं, आणि हेडलाईनमध्ये नाही पण खाली सापडतो तर ते मागं सारणं. म्हणून खालची बातमी वाचायचीच. नमुन्यादाखल असा मजकूर धरा: “पाणलोट क्षेत्रात पाऊस वाढल्याने विसर्ग वाढविण्यात आला आहे. नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, असा इशारा धरण व्यवस्थापनाने दिला आहे.” व्यवस्थापन इथं आलं, दाबलं नाही. पण कुठल्या क्रियापदापाशी आलं बघा, ‘इशारा दिला’पाशी, म्हणजे बोलण्याच्या क्रियेपाशी. पाणी सोडण्यापाशी नाही. तिथं ‘-ल्याने’ लावून पाऊस बसवलाय. आणि ‘राहावे’ म्हणून करायचं काम गावांकडं गेलं. दोन वाक्यांत तीन जण आणि तिघांना वेगवेगळी कामं, हे नीट मांडणं म्हणजे अॅनालिसिस. विसर्ग वाढवणं चूक होतं असं यातून अजिबात सिद्ध होत नाही, धरणाच्या सुरक्षिततेसाठी तो निर्णय बरोबरच असू शकतो. व्याकरण एवढंच दाखवतं की तो निर्णय म्हणून मांडलाय की हवामान म्हणून.

हेडलाईनमध्ये जागा कमी असते, कर्ता सगळ्यांना माहीत असतो, म्हणून गाळतात, हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याला उत्तर एकाच हेडलाईनमधून देता येत नाही. तुलना लागते. ही पद्धत उभी राहिली तीच तुलनेवर, टोनी ट्रू या अभ्यासकानं सॅलिसबरीत (आजचं हरारे) १९७५ साली पोलिसांनी केलेल्या गोळीबाराच्या बातम्या घेतल्या, एकाच घटनेवर दोन ब्रिटिश पेपरांची हेडलाईन वेगळी होती. एकानं पोलीस पुढं ठेवले, दुसऱ्यानं दंगल करणारे पुढं आणि पोलीस मागं. आपल्याकडं पेपर एकच ठेवून हंगाम बदलून बघा. उन्हाळ्यात टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचं पाणी आटपाडी, जतकडं सुटतं तेव्हाच्या हेडलाईन काढा, आणि पावसाळ्यात कोयनेचं पाणी सुटतं तेव्हाच्या त्याच पेपरच्या हेडलाईन त्यांच्या शेजारी ठेवा. क्रिया दोन्हीकडं पाणी सोडण्याचीच, जागाही तेवढीच. कुठं ‘यांच्या प्रयत्नाने’, ‘यांच्या हस्ते’ असं नाव येतं आणि कुठं ‘विसर्ग वाढला’ येतं ते मोजा. नाव उन्हाळ्यात मावत असेल आणि पावसाळ्यात मावत नसेल तर जागेचं कारण तिथंच संपलं. दोन्हीकडं सारखंच गाळलेलं निघालं तर मात्र ती त्या डेस्कची लिहिण्याची सवय आहे, आणि तसंच लिहायचं.

शेवटची एक गोष्ट स्वतः लिहिताना पाळायची. मायकेल बिलिग या अभ्यासकानं २००८ मध्ये दाखवलं की हे अॅनालिसिस करणारेच “कर्तालोप झाला आहे”, “नामीकरण आढळते” असं लिहितात, म्हणजे जो दोष शोधायला निघाले तोच स्वतःच्या वाक्यात. त्यामुळं “कर्तालोप झाला” लिहू नका, “प्रेसनोट लिहिणाऱ्यानं कर्ता गाळला आणि उपसंपादकानं तो परत घातला नाही” असं लिहा, आणि ते नक्की कुणी केलं हे माहीत नसेल तर प्रेसनोट मिळवून आधी ते शोधा.